तीन लाखांच्या डोक्यावरची चांदणी

सोलापूरच्या नवी पेठेतल्या मोबाईलच्या दुकानाबाहेर चिकटवलेल्या जाहिरातीचा फोटो मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. 'फ्रेशर्ससाठी पुण्यात नोकरी, सीटीसी ३ लाखांपर्यंत*.' मी बीकॉम झालेलो, तरी तीन लाखांना बारानं भागलं आणि आईला सांगितलं, महिन्याला पंचवीस हजार! आईनं विड्या वळता वळता हात थांबवला. ते आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

ती चांदणी मला दिसली होती, हेच जास्त झोंबतं. फोटोत खालच्या ओळीवर फ्लॅशचा पांढरा डाग पडला होता. झूम केल्यावर 'व्हीपी, एसए सह' एवढंच वाचता आलं. व्हीपी म्हणजे व्हेरिएबल पे, एसए म्हणजे शिफ्ट अलाउन्स. मला वाटलं, काहीतरी जास्तीचं मिळणार असेल. दुकान घरापासून दहा मिनिटांवर, सायकल काढून मूळ कागद वाचून येता आला असता. गेलो नाही. पण कॉलेजात ताळेबंद शिकवतात, सॅलरी स्लिप कोण शिकवतं? आणि 'पर्यंत' हा शब्दही मी गिळलाच.

सात रस्त्याजवळच्या एजंटाने 'कागदपत्रांचे' म्हणून यूपीआयवर ३,५०० रुपये घेतले. पावती नाही. नोकरी द्यायला जो पैसे मागतो त्याला तिथंच नमस्कार करा. ऑफर लेटरसोबत सॅलरी ब्रेकअप लागतं, ते 'जॉइनिंगला मिळेल' म्हणाला. एक ऑक्टोबरला हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्यात उतरलो, मिळालं तेव्हा सही करायला पेन हातात होतं.

तीन लाख पूर्ण होते, खोटं काही नव्हतं! बेसिक १०,००० आणि घरभाडे भत्ता ५,५००, म्हणजे महिन्याला १५,५००. वर्षाचे १,८६,००० झाले. कंपनी आपल्या नावे पीएफमध्ये भरते ते १४,४०० त्यातच. ग्रॅच्युइटीचे ५,७७२ त्यातच, आणि ती हातात पडते पाच वर्षं टिकलात तर. व्हेरिएबल ३६,०००. शिफ्ट अलाउन्स ३९,६००, म्हणजे रात्रीला १५० रुपयांप्रमाणे महिन्याला बावीस रात्री, तेही बाराही महिने धरून. उरलेले १८,२२८ म्हणजे ने-आणीच्या बसचा खर्च आणि कंपनीच्या वाट्याचं ईएसआय, म्हणजे आजारपणाचा विमा. कंपनीला मी तीन लाखांना पडतो, हा सीटीसीचा अर्थ. माझा पगार तो नव्हेच.

१५,५०० मधून माझा पीएफ १,२००, ईएसआय ११७, व्यवसाय कर २०० गेला. खात्यात १३,९८३ आले. पीजी आणि मेसचे ८,५०० वजा करा.

शिफ्ट अलाउन्सचं विचारलं तर एचआर मॅडम म्हणाल्या, "ट्रेनिंग दिवसाचं आहे, रात्र कुठं केलीस?" ट्रेनिंग दोन महिने. डिसेंबरात रात्रपाळी लागली, पण लॉगिनचे तास पूर्ण भरलेल्या रात्रीच मोजल्या, माझ्या चौदा. २,१०० रुपये! व्हेरिएबल दर तिमाहीला ९,०००, टार्गेट गाठलं तर आणि वाटपाच्या दिवशी नोकरीवर असाल तर. वाटप जानेवारीच्या शेवटी होतं, मी बारा तारखेला आजारी पडून सोडलं. शून्य. म्हणून मुलाखतीतच विचारा की मागच्या तिमाहीत किती जणांना व्हेरिएबल मिळालं. उत्तर देताना समोरचा हसला तर उठा.

परत आल्यावर पोलिसांकडे गेलो. "सही तुझी ना? मग फसवणूक कसली?" बरं, सहीचं सोडा, ३,५०० रुपयांचं तरी लिहून घ्या! तर म्हणे पैसे तू स्वतः पाठवलेस. कामगार खात्याच्या कार्यालयात सकाळी अकराला गेलो, साहेब जेवून आले तीनला. कंपनी पुण्याची आहे, पुण्यात जा. पुण्यातल्या कार्यालयात फोन केला तर लेखी अर्ज घेऊन स्वतः या. जायला-यायला भाडं कोण देणार, तुमचा व्हेरिएबल? एका बाबूने तर मलाच विचारलं, "सीटीसी म्हणजे काय रे?" आणि नंतर मलाच सुनावलं की शिकलेली पोरं वाचत नाहीत.

सहीच्या आधी एकच प्रश्न लेखी विचारा, ईमेलवर: रात्रपाळी नाही, टार्गेट नाही, अशा पहिल्या महिन्यात खात्यात नेमके किती येतील? आकडा देत नसतील तर कारण उघड आहे. आणि जाहिरातीचा फोटो काढाल तर चारी कोपऱ्यांसह, फ्लॅश बंद करून.

एजंटाने माझा नंबर ब्लॉक केलाय. परवा धाकट्या चुलतभावाने मला एक फोटो पाठवला, "दादा, बघ की, सव्वातीन लाख!" खालची ओळ त्याच्या अंगठ्याखाली होती. मी त्याला तिथंच परत पाठवला, अंगठा काढून फोटो काढायला.