संभाषणाची यादी: आपण पाठवायची की सर्व्हरवर ठेवायची?

चॅटबॉट बांधताना हा निर्णय लवकर घ्यावा लागतो. अँथ्रॉपिकच्या मेसेजेस एपीआयला आधीचं काहीच आठवत नाही. पहिल्या प्रश्नापासूनची सगळी यादी दर कॉलला आपणच पाठवायची. ओपनएआयच्या रिस्पॉन्सेस एपीआयमध्ये, 2025 पासून, `previous_response_id` दिला की मागचं बोलणं त्यांचा सर्व्हर जोडून घेतो.

दुसरी सोय हवीहवीशी वाटते, पण मॉडेल दोन्हीकडे सारखंच विसराळू असतं. त्याला दर वेळी सगळा मजकूर नव्याने द्यावाच लागतो. प्रश्न फक्त तो कोण गोळा करतो एवढाच. म्हणून आयडी पाठवला तरी जुन्या टोकनांचे पैसे लागतातच. वाचतं ते आपलं डेटाबेसचं काम, आणि छोट्या प्रयोगाला तेवढंही पुरेसं असू शकतं.

माझा कौल ठरला तो टूलच्या लांबलचक उत्तरांमुळे. समजा, तिसऱ्या प्रश्नाला बॉटने ऑर्डरची माहिती मागवली आणि 6000 टोकनांचा जेसन आला. ग्राहकाला हवी होती फक्त पोहोचण्याची तारीख. दहाव्या प्रश्नापर्यंत तो जेसन आणखी सात वेळा मोजला जातो, म्हणजे 42,000 टोकन फुकट. शिवाय मॉडेल त्यातलाच एखादा जुना पत्ता उचलून उत्तरात घालतं, तो त्रास वेगळा. आयडीच्या साखळीत मधला संदेश बदलता येत नाही. फार तर आधीच्या आयडीवरून नवा फाटा काढता येतो. यादी आपल्या हातात असेल तर एवढंच करायचं:

```python
block["content"] = "ऑर्डर रवाना, 12 तारखेला पोहोचेल"
```

इथे `block` म्हणजे त्या टूलच्या उत्तराचा ब्लॉक. तो अख्खा उडवू नका, आतला मजकूर तेवढा बदला. टूलच्या मागणीला त्याच `tool_use_id` चं उत्तर लगेचच्या संदेशात सापडलं नाही, तर 400 एरर येते. यादी कापताना जोडी तुटली की हमखास हेच होतं.

यादी स्वतः सांभाळण्याची किंमतही आहे. कॅशिंग चालू असेल तर आरंभापासून जुळणारा भाग स्वस्तात वाचला जातो. अँथ्रॉपिककडे मूळ दराच्या साधारण दहाव्या हिश्शात. मध्ये बदल केला की तिथून पुढची कॅश वाया जाते. म्हणून मी छाटणी ग्राहकाला उत्तर दिल्यावर लगेच करतो, तेव्हा मोडायला फक्त शेपूट असतं.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. तक्रार आली की त्या कॉलला पाठवलेली यादी लॉगमधून काढून जशीच्या तशी पुन्हा चालवता येते, आणि मॉडेलसमोर नेमकं काय होतं ते ओळीओळीने दिसतं. संभाषण दोनचार प्रश्नांत संपणारं असेल आणि टूल नसतील, तर आयडीची वाट धरायला हरकत नाही. टूल आले की मात्र मी यादी स्वतःकडेच ठेवतो.