दवाखान्याचा साप्ताहिक डॅशबोर्ड: कोणते आकडे, कोणती इशारारेषा?

दर आठवड्याला पाहायचे आकडे तीन-चारच असतील, तर पहिला प्रश्न प्रतीक्षेचा: सरासरी घ्यायची, की अर्ध्या तासाहून जास्त थांबलेल्यांची टक्केवारी?

एका आठवड्यात दहा रुग्ण ८, १०, १२, १२, १५, १५, १८, २०, ७० आणि ८० मिनिटे थांबले असे धरा. पुढच्या आठवड्यात सगळेच २२ ते ३० मिनिटांच्या दरम्यान थांबले. दोन्ही आठवड्यांची सरासरी २६ मिनिटेच येऊ शकते. पहिल्या आठवड्यात मात्र दोघांचा तासाहून जास्त वेळ गेला आणि सरासरीने तो झाकून टाकला. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, तर आणखी फसवा: पहिल्या आठवड्यात तो १५ मिनिटे, म्हणजे तोच आठवडा चांगला दिसतो. टक्केवारी सरळ सांगते: आधी २०, मग शून्य. माझी निवड टक्केवारीची, सोबत मध्यक. घड्याळ कधी सुरू होते हे मात्र आधी ठरवा. रुग्णाला दिलेली वेळ आणि तो आल्याची वेळ, यांतली जी नंतरची, तिथून मोजावे. नाहीतर तासभर लवकर आलेला माणूस आकडा फुगवतो.

न आलेल्या रुग्णांबाबत खरी निवड इशारारेषेची आहे. ठरावीक रेषा, समजा १५ टक्के, समजायला सोपी. पण आठवड्याला १०० अपॉइंटमेंट असतील आणि नेहमीचे प्रमाण १२ टक्के असेल, तर काहीही बदललेले नसताना साधारण दर सात आठवड्यांत एकदा ती रेषा ओलांडली जाईल. मग स्वागतकक्षाला उगाच जाब विचारला जातो, आणि काही महिन्यांत इशाऱ्याकडे कुणी लक्षच देत नाही.

दुसरा मार्ग आपल्याच मागच्या आकड्यांवरून पट्टा काढण्याचा. निदान वीस आठवड्यांचे सरासरी प्रमाण घ्यायचे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलने सोडायची; प्रमाण विचलन म्हणजे आकडा सरासरीपासून एरवी साधारण किती हलतो त्याचे माप. वरच्या उदाहरणात एक प्रमाण विचलन:

```
√(०.१२ × ०.८८ ÷ १००) ≈ ०.०३२५
```

म्हणजे पट्टा साधारण २ ते २२ टक्के. १८ टक्क्यांचा आठवडा नेहमीच्या चढउतारात बसतो, २५ टक्क्यांचा मात्र शोध घेण्याजोगा. पट्टा रुंद आहे हे खरे, आणि छोट्या दवाखान्यात तो आणखी रुंद होतो. त्यामुळे हळूहळू होणारी वाढ त्यातून निसटते. म्हणून सलग आठ आठवडे सरासरीच्या वर राहिले, तरी तो इशारा धरावा. अपॉइंटमेंटची संख्या पुरेशी असेल तर मी हाच मार्ग घेईन. आठवड्याला पंधरा-वीसच अपॉइंटमेंट असतील, तर चार आठवड्यांचे आकडे एकत्र करूनच पाहावेत.

आधी कळवून रद्द केलेल्या अपॉइंटमेंट छेदातून वगळा, आणि 'आधी' म्हणजे किती तास हे लिहून ठेवा. ही व्याख्या मध्येच बदलली, तर पट्टा नव्याने काढावा लागतो.

हे दोन आकडे शेजारी शेजारीच ठेवावेत. लोक येत नाहीत म्हणून जादा अपॉइंटमेंट दिल्या, की सगळे आले त्या दिवशी प्रतीक्षा वाढते. गैरहजेरी तेवढीच असताना अर्ध्या तासापलीकडचे रुग्ण वाढले, तर आधी तपासायचे ते जादा दिलेल्या अपॉइंटमेंटचे वेळापत्रक.