माणशी मोजायचं की कंपनीनिहाय?

पगार सर्वेक्षणाचा मीडियन काढताना एक निवड आधी करावी लागते. प्रत्येक कर्मचाऱ्याला एक मत द्यायचं की प्रत्येक कंपनीला?

समजा, क्वालिटी इंजिनिअर या पदासाठी पाच कंपन्यांनी मिळून 50 जणांची माहिती दिली. त्यातले 40 एकाच मोठ्या कारखान्यातले, वर्षाला 5.2 ते 6.8 लाखांत, सरासरी 6 लाख. उरलेल्या चार कंपन्यांच्या सरासऱ्या 7.5, 8, 8.5 आणि 9 लाख, आणि त्यांतल्या कुणालाही 7 लाखांहून कमी नाही.

माणशी मोजलं तर मीडियन 25व्या-26व्या माणसापाशी, म्हणजे त्याच कारखान्यात पडतो. 75वा पर्सेंटाइलसुद्धा तिथेच, 6.8 च्या आत. बाजार म्हणून आपण एकाच मालकाची वेतनश्रेणी नियोजकाच्या हातात देतो! P25 आणि P75 मधलं अंतर फारच कमी दिसलं, की आधी कंपनीनिहाय माणसं मोजावीत.

कंपन्यांच्या सरासऱ्यांवर `=PERCENTILE.INC(C2:C6,0.5)` चालवलं तर मीडियन 8 लाख येतो, P25 आणि P75 अनुक्रमे 7.5 आणि 8.5. मीडियन मध्यबिंदू धरून 80 ते 120 टक्के घेतले, तर श्रेणी 6.4 ते 9.6 लाखांची होते. मात्र पाचच आकड्यांवरून P10 किंवा P90 छापू नये.

माणसं प्रामुख्याने त्या कारखान्यातूनच घ्यायची असतील, तर माणशी आकडा खरा उपयोगी. सर्वसाधारण वेतनश्रेणीसाठी मी कंपनीनिहाय आकडाच घेते आणि शेजारी माणसांची व कंपन्यांची संख्या लिहिते.