प्रेझेंटेशन लांबतंय: स्लाइड मोजायच्या की मिनिटं, आणि कापायचं काय?

बीई किंवा एमटेकच्या फायनल प्रोजेक्टला साधारण १५ मिनिटं मिळतात असं धरू, १२ बोलायला आणि ३ प्रश्नांना, आणि स्लाइड बनवून झाल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की वेळ वाटायचा कसा. एक पद्धत म्हणजे एका स्लाइडला एक मिनिट, म्हणजे १२ स्लाइड. दुसरी म्हणजे आधी भाग पाडायचे, प्रत्येक भागाला मिनिटं ठरवायची आणि त्यात स्लाइड किती बसतात ते नंतर बघायचं.

पहिली पद्धत सोपी आहे पण सगळ्या स्लाइड सारख्या नसतात ना, टायटल १० सेकंदात जातं आणि ग्राफ नीट समजवायचा तर दोन मिनिटं सहज लागतात (अक्ष काय आहेत, रेष कुठे वळली, का वळली). शिवाय आठव्या स्लाइडवर आहात एवढ्यावरून पुढचं सगळं बसणार का हे कळतच नाही. स्लाइड मोजणं फक्त पहिला अंदाज घ्यायला ठीक आहे, निर्णय मिनिटांवरच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण घेऊ, मातीतला ओलावा मोजून ठिबक आपोआप चालू-बंद करणारं प्रोजेक्ट. १२ मिनिटं आहेत तरी प्लॅन ११ चाच करायचा, कारण प्रोजेक्टर लागायला वेळ जातो आणि ग्रुपमध्ये चौघं असतील तर माइक एकाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी थोडे सेकंद जातातच. वाटप असं: अडचण काय आहे दीड मिनिट, आधी झालेलं काम एक, आम्ही काय केलं चार, रिझल्ट साडेतीन, मर्यादा आणि निष्कर्ष एक. आता उभं राहून, मोठ्याने, मोबाईलवर रेकॉर्ड करत एकदा पूर्ण बोला (मनातल्या मनात म्हणून बघितलं तर वेळ नेहमी कमी भरतो). समजा निघालं १४:१०, त्यात अडचण ३, आधीचं काम २, पद्धत ५, रिझल्ट ३:१०, निष्कर्ष १. म्हणजे ३:१० जास्त, आणि फुगलंय जास्त करून सुरुवातीलाच, जे जवळजवळ सगळ्यांचं होतं, कारण शेतीला पाणी किती महत्त्वाचं आहे हे बोलायला सोपं जातं.

आता कापायचं कसं, इथे पण दोन रस्ते. एक, सगळीकडून थोडं थोडं कमी करायचं किंवा भरभर बोलायचं. हे न्याय्य वाटतं पण टिकत नाही, कारण स्लाइडवर मुद्दा दिसतोच आहे तर गाळलेलं वाक्य परीक्षकांसमोर सवयीने परत तोंडात येतं, आणि भरभर बोलण्याचा फटका बसतो नेमका आकड्यांना, जे ऐकायला एक्स्टर्नल बसलेत. दुसरा रस्ता, अख्खा तुकडा काढायचा आणि त्याची स्लाइडच शेवटच्या ‘थँक यू’ नंतर बॅकअपमध्ये टाकायची.

वरच्या केसमध्ये आधीच्या कामातल्या पाच पेपरचा तक्ता बॅकअपमध्ये जाईल, राहील फक्त त्यांच्यात काय कमी होतं ते, ४० सेकंदात, १:२० वाचले. अडचणीतली पाणीटंचाईची स्लाइड गेली, एक मिनिट. पद्धतीतून सेन्सर कॅलिब्रेशनचा तपशील गेला, अजून एक. एकूण १०:५० आणि रिझल्टला हात लागला नाही. कॅलिब्रेशनवर प्रश्न आलाच तर पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये त्या स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे, फक्त नंबर कागदावर लिहून ठेवा. गाईडचाच आग्रह असेल की तक्ता हवाच, तर तो ठेवा पण मग पद्धतीतला अजून एक तुकडा त्याच वेळी काढा.

आणि ऐन वेळी लांबलं तर? त्यासाठी एकच खूण ठरवा, रिझल्टची पहिली स्लाइड कितव्या मिनिटाला यायला हवी. इथे ती ६:४० ला येते. साडेसात मिनिटं होऊन गेली तरी पद्धतच चालू असेल तर समोर घड्याळ धरून बसलेल्या मित्राने हात वर करायचा आणि बोलणाऱ्याने रिझल्टमधला दुसरा ग्राफ सोडायचा. कोणता ग्राफ सोडायचा हे आदल्या रात्रीच ठरलेलं पाहिजे, उभ्या उभ्या निवडायला गेलं की माणूस नेमका निष्कर्ष गाळतो कारण तो शेवटी असतो, आणि परीक्षकांच्या कागदावर तोच लिहायचा राहतो.