रॉन्स्कियन काढायचा: आधी उकली शोधून, की आबेलच्या सूत्राने?

समोर समीकरण आहे `(1-x^2)y'' - 2xy' + 2y = 0` आणि विचारलंय की याच्या दोन उकलींचा रॉन्स्कियन x बरोबर कसा बदलतो. हे लेजान्द्रचं समीकरण, n = 1 साठीचं. इथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट म्हणजे दोन्ही उकली शोधायच्या, त्यांचे अवकलज घ्यायचे आणि निश्चयक मांडायचा. दुसरी वाट उकलींना हातच लावत नाही. ती फक्त y' चा सहगुणक बघते आणि त्यावरून उत्तर देते. कोणती कधी घ्यावी, हे मी याच समीकरणावर दाखवतो, कारण इथे दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून बघता येतात.

दुसरी वाट मुळात चालते का, ते आधी पाहू. समीकरण `y'' + p(x)y' + q(x)y = 0` या रूपात आहे आणि y1, y2 या त्याच्या उकली आहेत. रॉन्स्कियन म्हणजे `W = y1*y2' - y2*y1'`. याचा अवकलज घेतला की y1'y2' ही पदं एकमेकांना खातात आणि `W' = y1*y2'' - y2*y1''` एवढंच उरतं. आता y'' च्या जागी `-py' - qy` ठेवा. q ची दोन पदं येतात, `-q*y1*y2` आणि `+q*y1*y2`, आणि तीही एकमेकांना खातात. उरतं `W' = -pW`. हे पहिल्या क्रमाचं साधं समीकरण आहे, त्याची उकल `W = C*exp(-∫p dx)`. नॉर्वेचा गणिती नील्स हेन्रिक आबेल याच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. उकली कितीही अवघड असोत, त्यांचा अवघडपणा बहुतेक वेळा q मध्ये असतो, आणि W ला q दिसतच नाही. माझ्या मते या सूत्राचा सगळा जीव या एका ओळीत आहे.

आता पहिली वाट. लेजान्द्रच्या समीकरणात y = x ही उकल नजरेनेच सापडते: y'' शून्य, `-2x + 2x` शून्य. दुसरी मात्र नजरेने सापडत नाही. ती आहे `Q1 = (x/2)*ln((1+x)/(1-x)) - 1`. ती पुस्तकात मिळाली असं धरू. तिचा अवकलज `(1/2)*ln((1+x)/(1-x)) + x/(1-x^2)`. त्याला x ने गुणून Q1 वजा केलं की लॉगची पदं निघून जातात आणि राहतं `x^2/(1-x^2) + 1`, म्हणजेच `1/(1-x^2)`. एवढा लॉग वाहून आणला आणि शेवटी तो उत्तरात नाहीच.

दुसऱ्या वाटेने जाताना आधी `1-x^2` ने भागायचं. मग `p = -2x/(1-x^2)`, त्याचा समाकल `ln(1-x^2)`, म्हणून `W = C/(1-x^2)`. दोन ओळींत संपलं. पण हातात C राहिला आहे, आणि या वाटेची खरी मर्यादा तीच. आबेलचं सूत्र W चा आकार सांगतं, माप सांगत नाही. माप तुम्ही कोणती जोडी निवडली यावर ठरतं. y2 च्या जागी 5*y2 घेतली तर C पाचपट होतो आणि p ला त्याची खबरही नसते. आपल्या जोडीसाठी x = 0 वर किंमत ठेवली की काम होतं: y1 = 0, y1' = 1, Q1 = -1, म्हणून W(0) = 1 आणि C = 1.

तेव्हा निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: मला W ची किंमत हवी आहे, की दोन ठिकाणच्या किमतींचं नातं? नेट-सेटच्या तयारीत ‘W(0) दिला आहे, W(1/2) काढा’ अशा धर्तीचं उदाहरण आलं, तर C ची गरजच नाही. प्रमाण थेट 4/3 येतं, मग उकलींची जोडी कोणतीही असो. तिथे उकली शोधायला बसणं म्हणजे वेळ घालवणं. उलट `y'' - 3y' + 2y = 0` सारख्या स्थिर सहगुणकांच्या समीकरणात e^x आणि e^(2x) लगेच दिसतात आणि निश्चयक एका ओळीत e^(3x) देतो. तिथे मी पहिल्याच वाटेने जातो, कारण C सकट पूर्ण उत्तर हातात येतं.

पण ज्याला दुसरी उकलच हवी आहे, त्याच्यासाठी आबेलची वाट आणखी मोलाची ठरते, आणि याकडे विद्यार्थ्यांचं सहसा लक्ष जात नाही. y2/y1 या भागाकाराचा अवकलज बरोबर `W/y1^2` असतो. म्हणजे एक उकल आणि W माहीत असेल, तर `y2 = y1*∫(W/y1^2) dx`. आपल्याकडे y1 = x आणि `W = 1/(1-x^2)` आहे. समाकल करायचा आहे `1/(x^2(1-x^2))` चा. आंशिक अपूर्णांक केले की तो `1/x^2 + 1/(1-x^2)` होतो, आणि समाकल येतो `-1/x + (1/2)*ln((1+x)/(1-x))`. x ने गुणा: `-1 + (x/2)*ln((1+x)/(1-x))`. ही तर Q1च! पहिल्या वाटेवर आपण जी उकल पुस्तकातून आणली होती, ती इथे p मधून आणि एका सोप्या उकलीतून तयार झाली. मला हे दर वेळी फळ्यावर लिहिताना तितकाच आनंद होतो.

पहिली वाट जवळपास बंद होते तिथला अनुभव घ्यायचा तर शून्य क्रमाचं बेसेल समीकरण घ्या: `x^2 y'' + x y' + x^2 y = 0`. J0 आणि Y0 या अनंत श्रेणी आहेत, Y0 मध्ये वर लॉगही आहे. त्या श्रेणींचा गुणाकार करून निश्चयक काढणं हे फार कष्टाचं काम. आबेलकडे मात्र p = 1/x, म्हणून W = C/x. C साठी x शून्याच्या जवळ नेऊ: J0 एकच्या जवळ जातो, Y0' हा `2/(πx)` सारखा वागतो, आणि J0' शून्याकडे जात असल्याने दुसरं पद मागे पडतं. म्हणून C = 2/π. पडताळायचं असेल तर x = 1 वरच्या तक्त्यातल्या किमती घ्या. J0' = -J1 आणि Y0' = -Y1 असल्याने W म्हणजे `J1*Y0 - J0*Y1`. J0 = 0.7651977, J1 = 0.4400506, Y0 = 0.0882570, Y1 = -0.7812128 ठेवून बेरीज 0.6366198 येते, आणि 2/π हेच आहे.

आता चुका कुठे होतात. सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे y'' च्या सहगुणकाने भागायचं राहून जातं. लेजान्द्रमध्ये p = -2x धरला तर `W = C*e^(x^2)` येतं, आणि हे उत्तर दिसायला अगदी साजरं असतं. x = 0.5 वर ते 1.284 देतं आणि खरं उत्तर 1.333 आहे, त्यामुळे घाईत पाहणाऱ्याला संशयही येत नाही. x = 0.9 वर मात्र खरं 5.263 आणि चुकीचं 2.248. म्हणून पडताळणी सुरुवातीच्या बिंदूपासून लांब करावी. त्याहून आधी एक नजर y'' च्या सहगुणकावर टाकावी: तो x = 1 वर शून्य होतोय आणि तुमच्या W ला तिथे काहीच होत नसेल, तर पहिली ओळ पुन्हा तपासा.

दुसरी अडचण अंतरालाची. `x^2 y'' - 2x y' + 2y = 0` च्या उकली x आणि x^2, त्यांचा W = x^2. तो x = 0 वर शून्य आहे, तरी उकली रेषीय स्वतंत्र आहेत. मग ‘W एकतर कुठेच शून्य नाही, नाहीतर सगळीकडे शून्य’ हे शिकवलेलं खोटं ठरलं का? नाही. इथे p = -2/x शून्यावर संतत नाही, म्हणून सूत्राचं म्हणणं x > 0 साठी वेगळं आणि x < 0 साठी वेगळं वाचायचं. शून्य ओलांडून C पलीकडे नेता येत नाही.

आणि फलनं एकाच समीकरणाच्या उकली आहेत हे माहीत नसेल, तर आबेलची वाट मुळात उघडतच नाही. x^2 आणि x|x| या जोडीचा W सगळीकडे शून्य आहे, तरी ती संपूर्ण रेषेवर रेषीय स्वतंत्र आहेत. इटालियन गणिती जुसेप्पे पेआनो याने १८८९ मध्ये अशी उदाहरणं दाखवून दिली. अशा ठिकाणी थेट निश्चयक काढावा, आणि तो शून्य आला तरी निष्कर्ष जपून काढावा.

एक शेवटचा वापर संगणकावर समीकरणं सोडवणाऱ्यांसाठी. `y'' + y = 0` मध्ये p = 0, म्हणून W कायम तोच राहायला हवा. दोन उकली एकाच पद्धतीने पुढे नेत गेलात तर प्रत्येक पायरीला W ला किती गुणलं जातं हे पद्धतीच्या सारणीचा निश्चयक सांगतो. साध्या ऑयलर पद्धतीत तो `1 + h^2` आहे. h = 0.1 ठेवून १०० पायऱ्या, म्हणजे t = 10 पर्यंत गेलो, तर W एकाच्या जागी 2.70 होतो. खरी उकल माहीत नसतानाही पद्धत ऊर्जा फुगवतेय हे कळलं. ऑयलरमध्ये छोटा बदल करून वेग आधी आणि त्या नव्या वेगाने जागा नंतर काढली, तर निश्चयक नेमका 1 राहतो, h काहीही असो. पण इथेही W ला फक्त p विचारता येतो, q नाही. h = 1 इतकी मोठी पायरी घेतली तरी W एकच राहतो, आणि उकल मात्र 6.283 ऐवजी बरोबर 6 मध्ये एक फेरा पूर्ण करते. ती चूक पकडायला उकलीकडेच बघावं लागतं.