नाव नसलेली बटणं: मेल अ‍ॅपचा एका हंगामाचा अनुभव

देवगडला आमची आंब्याची छोटी बाग आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी मेलवर येतात आणि तो पत्रव्यवहार मी बघतो. मला दिसत नाही, त्यामुळे अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर वापरतो. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, माडावरून पडल्यापासून हातांनी फोन धरू शकत नाही. त्याचा फोन स्टँडवर असतो आणि तो व्हॉइस अ‍ॅक्सेसला आवाजी हुकूम देतो. दोघांच्या फोनवर मेलचं अ‍ॅप एकच. हंगामाच्या सुरुवातीपासून ते दोघांनी रोज वापरलं, आणि दोघंही एकाच जागी अडलो.

मेल वाचायला त्रास काहीच नाही. पाठवणारा, विषय, तारीख, मजकूर सगळं नीट ऐकू येतं. मेल उघडली की मात्र वरच्या पट्टीत पाच चित्रं आहेत आणि त्यातल्या चारांवर बोट गेलं की टॉकबॅक फक्त "Unlabelled, button" म्हणतो. त्यातलं एक बटण मेल संग्रहात टाकतं, एक थेट कचऱ्यात. पाच डझनाच्या पेटीची ऑर्डर कुठे जाणार हे बोटाखालच्या मुक्या बटणावर ठरत असेल, तर ते अ‍ॅप माझ्यासाठी अर्धंच तयार झालंय असं मी म्हणेन.

सुरुवातीला मी बटणांच्या जागा पाठ केल्या होत्या. अपडेट आला आणि क्रम बदलला, तेव्हा ती पाठांतराची वाट बंद झाली. मग टॉकबॅकचीच सोय वापरली: बटणाला आपण स्वतः नाव देणं. आधी एक मेल स्वतःलाच पाठवायची, विषय "चाचणी". ती उघडून एकेक बटण दाबायचं आणि मेल कुठे गेली ते शोधायचं. खऱ्या ऑर्डरीवर हा प्रयोग करू नये. बटण कळलं की त्यावर फोकस ठेवून तीन बोटांनी एकदा टॅप करायचं, टॉकबॅकचा मेनू उघडतो, त्यात लेबल जोडायचा पर्याय असतो. मी "संग्रह", "कचरा", "न वाचलेलं" अशी मराठी नावं दिली. तेव्हापासून बोट गेलं की तीच नावं ऐकू येतात.

चाचणी करताना आणखी एक गोष्ट फार उपयोगी पडली. मेल हलवल्यावर खाली "Undo" काही सेकंदच दिसतं, आणि स्क्रीन रीडरनं तिथपर्यंत पोचेस्तोवर ते गेलेलं असतं. अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंग्जमध्ये "Time to take action" म्हणून एक सेटिंग आहे. ते 2 मिनिटांपर्यंत वाढवता येतं. या अ‍ॅपनं ते पाळलं. सगळीच अ‍ॅप पाळतात असं नाही.

आता या लेबलांच्या मर्यादा, कारण नुसतं "लेबल द्या" सांगून भागत नाही. टॉकबॅक आपलं लेबल बटणाच्या आतल्या ओळखनावाशी, म्हणजे आयडीशी, बांधतो. प्रोग्रॅमरनं आयडीच दिलेला नसेल तर लेबल जोडायचा पर्याय मेनूत येत नाही. आमच्या चारांपैकी तिघांना तो होता. चौथ्या, मेल हलवण्याच्या बटणासाठी टॉकबॅकच्या सेटिंग्जमधली चिन्ह ओळखण्याची सोय चालू केली. ती कचरापेटीसारखं ओळखीचं चित्र बरोबर सांगते, पण फोल्डर आणि संग्रहाच्या खोक्यात तिचा गोंधळ होतो. शिवाय तो अंदाज असतो. पुसण्याच्या कामात मी अंदाजावर बटण दाबत नाही.

दुसरी मर्यादा जास्त धोक्याची आहे. आयडी तोच ठेवून अ‍ॅप बटणाचं काम बदलू शकतं. इनबॉक्समध्ये जे बटण मेल संग्रहात टाकतं, तेच संग्रहात गेल्यावर मेल परत इनबॉक्समध्ये आणतं. माझं लेबल मात्र दोन्हीकडे "संग्रह" असंच म्हणतं. कचऱ्याच्या फोल्डरमध्ये तर "कचरा" म्हणणारं बटण मेल कायमची पुसतं. म्हणून मी त्या लेबलाचं नाव बदलून "कचरा, कचऱ्यात असाल तर कायमचं" असं लांबलचक ठेवलंय. ऐकायला वेळ लागतो, पण ते खरं बोलतं. अपडेटनंतर आयडी बदलला तर लेबल गायब होतं, हेही लक्षात ठेवावं. प्रत्येक अपडेटनंतर चाचणीची मेल परत उघडून बघायची.

दादाची अडचण याच मुळातून येते, पण वेगळ्या वाटेनं. त्याला चित्र दिसतं, कचरापेटी ओळखू येते. पण "Tap delete" म्हटलं की काहीच होत नाही, कारण फोनला त्या बटणाचं नावच माहीत नाही. माझी लेबलं त्याच्या कामाची नाहीत. ती टॉकबॅकपुरती साठवलेली असतात, व्हॉइस अ‍ॅक्सेसपर्यंत पोचत नाहीत. तो "Show numbers" म्हणतो, म्हणजे दाबता येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर आकडा येतो, नाव नसलेल्या बटणावरही. मग "Tap 4". पण आकडा बटणाचा कायमचा नसतो. नवी मेल आली, यादी सरकली की आकडे सरकतात. "नंबर बदललो. परत बघूक व्हया," असं तो दर वेळी म्हणतो, आणि हुकूम देण्याआधी खरंच परत बघतो. जिथे आकडाच येत नाही, तिथे "Show grid". पडद्यावर चौकटी येतात, त्यातल्या हव्या चौकटीचा आकडा सांगून बटण दाबायचं. चौकट मोठी वाटली तर "More squares".

पावसाळ्यात त्यात भर पडते. पत्र्यावर धो धो पाऊस लागला की फोनचा माइक आवाज पकडत नाही, आणि इंग्रजी आकडे एकमेकांत मिसळतात. तोंडाजवळ माइक असलेला वायरचा इअरफोन घेतल्यावर बरंच सुधारलं. तरी पागोळ्या जोरात गळत असताना दादा पुसण्याचं काम ठेवून देतो आणि फक्त वाचतो.

अखेर ऑर्डरींचं खातं मी थंडरबर्ड या दुसऱ्या मेल अ‍ॅपमध्येही जोडलं. जुन्या अ‍ॅपमधून काही हलवावं लागत नाही. मेल सर्व्हरवरच राहते आणि दोन्हीकडे तीच दिसते. खातं आपोआप ओळखलं गेलं नाही तर IMAP निवडून मेल सेवेनं दिलेला सर्व्हरचा पत्ता, पोर्ट 993 आणि SSL/TLS एवढं भरावं लागतं. माझ्या फोनवर त्यातली रोजची बटणं नावानं बोलतात, त्यामुळे दादाचं "Tap delete"ही तिथे चालतं. हंगामाच्या घाईत आम्ही दोघं तिथेच काम केलं. पण मूळ अ‍ॅपमधली गिऱ्हाइकांची गटवार यादी तिकडे येत नाही, म्हणून ते काढून टाकता आलं नाही.

कंपनीला लिहिताना "अ‍ॅप चालत नाही" एवढंच लिहिलं तर ठरावीक उत्तर येतं. मी स्क्रीनचं नाव, डावीकडून कितवं बटण, टॉकबॅक काय बोलतो, अ‍ॅपची आणि अँड्रॉइडची आवृत्ती एवढं लिहिलं, आणि खाली ही ओळ:

```xml
android:contentDescription="@string/archive"
```

प्रत्येक बटणाला अशी एक ओळ लागते. ती घातली की टॉकबॅकला नाव मिळतं आणि व्हॉइस अ‍ॅक्सेसलाही. बटणाचं काम बदलतं तिथे ओळही त्याबरोबर बदलली पाहिजे, हे मी मुद्दाम लिहिलं. त्यानंतरच्या अपडेटमध्ये चारांपैकी "हलवा" बोलायला लागलं. बाकीची तीन अजून मुकी आहेत, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला मी त्या तिघांचीच तक्रार पुन्हा पाठवतो.

तुम्ही लेबलं करणार असाल तर फोन बदलण्याआधी टॉकबॅकच्या प्रगत सेटिंग्जमधून ती फाइलमध्ये काढून ठेवा. नव्या फोनवर ती आत घेता येतात. एका गावात दोघंतिघं टॉकबॅकवाले तेच अ‍ॅप वापरत असतील, तर एकानं केलेली फाइल बाकीच्यांनाही चालते.