बारीक अक्षरांच्या स्क्रीनशॉटमधला तक्ता: ओसीआर करावं की हाताने टाइप करावं?

कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या आधीच्या खजिनदारांचा लॅपटॉप बिघडला आणि मेंटेनन्सच्या एक्सेल फाइलचा फक्त एक स्क्रीनशॉट उरला. त्यात 42 ओळी होत्या. फ्लॅट, नाव, तारीख, रक्कम आणि यूपीआय क्रमांक असे पाच रकाने. आकडे जेमतेम 9 पिक्सेल उंच, आणि नाव व क्रमांक मध्येच कापलेले.

असं काही हाती आलं, तर आधी पाठवणाऱ्याकडून तेच चित्र व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. फोटो म्हणून पाठवलं की ते आणखी दाबलं जातं. मग दोन्ही वाटा तपासा: ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून वाचून घेणं, आणि हाताने टाइप करणं.

ओसीआरसाठी मी इमेजमॅजिकने चित्र तिप्पट केलं आणि टेसरॅक्टकडून वाचून घेतलं:

```
magick takta.png -colorspace Gray -resize 300% motha.png
tesseract motha.png nikal -l mar+eng --psm 6
```

पाच मिनिटांत ओळी मिळाल्या. पण मोठं केल्याने अक्षरांना नवा तपशील येत नाही, आणि इतक्या बारीक आकड्यांत 3 आणि 8 सारखेच दिसतात. चित्रातली एकूण रक्कम 1,26,450 होती, माझी बेरीज आली 1,31,450. फरक बरोबर 5,000, म्हणजे हजाराच्या जागी 3 चा 8 झाला असणार. शोधल्यावर 3,250 चे 8,250 झालेले सापडले. तळाशी बेरीज नसती तर ही चूक तशीच राहिली असती.

हाताने टाइप करायला एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाकायचं. आम्हाला पाऊण तास लागला. इथली चूक वेगळी असते: आकड्यांची अदलाबदल. 3,250 चे 3,520 झाले तर फरक 270, आणि अशा फरकाला नेहमी 9 ने भाग जातो. म्हणून ती चटकन ओळखता येते. आकडे 20 पिक्सेलच्या वर असतील आणि ओळी शेकड्याने असतील, तर ओसीआर घ्या. आमच्यासारख्या तक्त्याला मी हाताचंच काम निवडेन.

कापलेल्या रकान्याला मात्र दोन्हींचा उपयोग नाही. जे पिक्सेल चित्रात नाहीत ते कुठूनच येत नाहीत, आणि ओसीआर ‘देशप’ हेच पूर्ण नाव समजून देतं. शेवटचं अर्धवट अक्षर तर सरळ पुसून टाका, अर्धा 0 कधी कधी कंसासारखा वाचला जातो. नावं फ्लॅट नंबरावरून सभासद नोंदवहीतून भरली. यूपीआय क्रमांक 12 आकडी असतो, आम्हाला 8 दिसत होते. तारीख आणि रक्कम धरून बँक स्टेटमेंटमधून उरलेले चार घेतले. एकाच दिवशी सारखीच रक्कम भरलेल्या दोन सभासदांत पहिले काही आकडे सारखे निघू शकतात, म्हणून दिसणारे आठच्या आठ जुळवावे लागले. तरी दोन ओळी अडल्या. त्या पिवळ्या करून ठेवल्या आणि त्या सभासदांकडून पावती मागवली.